कामाच्या धावपळीत श्वासाला जागा

कामाचा ताण शरीरात कुठे साठतो, हे दिवस मावळेपर्यंत बहुतेकांना कळलेले असते. मान आखडते, कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणकते, जबडा दुखतो, छातीत धडधडते, तळहात गार पडतात, पोटात गोळा येतो. यांतली काही लक्षणे कामाच्या पहिल्या दोन तासांतच सुरू झालेली असतात, फक्त तेव्हा तिकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नसते. संध्याकाळी गोळी घेऊन डोकेदुखी थांबवता येते. पण दिवस चालू असतानाच ताण थोडा थोडा उतरवला, तर संध्याकाळपर्यंत तो इतका साचत नाही. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत: संथ श्वास, थोडे चालणे आणि रोजच्या कामातच बसतील अशा काही छोट्या सवयी. मात्र त्या कधी करायच्या, किती करायच्या आणि कुठे थांबायचे हे माहीत असेल तरच त्यांचा उपयोग होतो.

शरीराची ही तयारी मुळात संकटासाठी आहे. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तिचे वर्णन केले. भीती किंवा राग आला की अ‍ॅड्रिनलिन स्रवते, हृदय जोरात चालते, यकृतातून साखर रक्तात येते, त्वचेकडचा रक्तपुरवठा कमी होऊन तो स्नायूंकडे वळतो आणि पचन मंदावते. पळायचे किंवा झुंजायचे असेल तर हे सगळे कामी येते. ग्राहक रागावला आहे, साहेबांचा फोन तिसऱ्यांदा वाजतो आहे आणि संगणक मध्येच अडकला आहे, अशा वेळी मात्र पळायचे नसते आणि झुंजायचेही नसते. खुर्चीत बसूनच राहायचे असते. तयारी होते, ती खर्ची पडत नाही, आणि थोड्या वेळाने पुढचा प्रसंग येतो. मानेचे आखडणे आणि छातीतली धडधड इथून सुरू होते.

शरीरातील बहुतेक स्वयंचलित क्रिया माणसाच्या इच्छेने चालत नाहीत. हृदयाला हळू चाल म्हटले तर ते ऐकत नाही, जठराला पचव म्हटले तर तेही ऐकत नाही. श्वास मात्र दोन्हीकडचा आहे. लक्ष नसताना तो आपोआप चालतो आणि लक्ष दिले की हाती येतो. म्हणून बाकीच्या यंत्रणेला हात घालण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

श्वास आणि हृदय यांचा संबंध थेट आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. शांत बसून मनगटावर बोटे ठेवली तर लक्षपूर्वक पाहणाऱ्याला, विशेषतः तरुण माणसाला, हा फरक जाणवतोही. श्वास सोडताना मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतातंतूचा प्रभाव हृदयावर वाढतो आणि गती कमी होते. त्यामुळे श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला, तर मंदावण्याचे क्षण वाढतात. कामाच्या जागी उपयोगी पडणाऱ्या बहुतेक श्वासतंत्रांचे गमक इथेच आहे: लक्ष श्वास घेण्यावर नव्हे, सोडण्यावर द्यायचे.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. खोल श्वास घेतल्याने रक्तात जास्त प्राणवायू जातो आणि म्हणून बरे वाटते, असे पुष्कळदा सांगितले जाते. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन बसल्या जागी 95 टक्क्यांहून अधिक प्राणवायूने आधीच भरलेले असते. त्यात भर घालायला फारशी जागा नसते. उलट एकामागून एक मोठमोठे श्वास घेतले, तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरते, ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, छाती भरल्यासारखी वाटते. घाबरलेल्या माणसाची लक्षणेही हीच. म्हणजे ताण घालवण्यासाठी केलेला श्वास नेमका ताणासारखाच जाणवू लागतो, आणि पुष्कळ जण ‘मला हे जमत नाही’ म्हणून सोडून देतात. श्वास मोठा नको, हळू हवा, एवढे एक लक्षात राहिले तर ही चूक टळते.

कामात गढलेल्या माणसाचा श्वास सहसा उथळ आणि वरच्या वर होतो. मोबाइलवर संदेश वाचताना किंवा अवघड मजकूर टाइप करताना कित्येक जण नकळत श्वास रोखूनही धरतात. छातीच्या वरच्या भागाने श्वास घेताना मानेचे आणि खांद्यांचे स्नायू बरगड्या वर खेचायला राबतात. हे त्यांचे रोजचे काम नव्हे, ते श्वासपटलाचे. दिवसभर हा जादा बोजा उचलल्यावर मान दुखली तर नवल नाही. स्वतःचे पाहायचे असेल तर एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवून दोन-तीन श्वास नेहमीसारखे घ्यावेत. वरचाच हात हलत असेल आणि खांदे उचलले जात असतील, तर मानेच्या दुखण्याचे एक कारण सापडले.

संथ श्वासाची पद्धत अशी. पाठ ताठ पण सैल ठेवून बसावे, दोन्ही पावले जमिनीवर टेकवावीत, तोंड मिटावे. नाकाने मनात चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा, पोट थोडे पुढे येऊ द्यावे. मग सहा अंक मोजेपर्यंत नाकानेच सोडावा. मध्ये रोखायचा नाही. अंक सेकंदाच्या वेगाने मोजले तर एक फेरी दहा सेकंदांची होते आणि मिनिटाला सहा श्वास पडतात. बसलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, म्हणजे हा वेग निम्मा किंवा त्याहून कमी झाला.

सहा हा आकडा हवेतला नाही. रक्तदाब सांभाळणाऱ्या शरीरातील यंत्रणेची स्वतःची एक लय असते आणि तिचा एक फेरा सुमारे दहा सेकंदांचा असतो. श्वास त्याच लयीत आला की नाडीचे वर-खाली होणे मोठे आणि सुसूत्र होते. इटलीतील संशोधकांनी 2001 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलेले निरीक्षण या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे: लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि योगातील एक मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. माळ ओढणाऱ्यांना सेकंद मोजावे लागले नाहीत, शब्दांनीच श्वास लांबवला. श्वासाचे मोजमाप करून अभ्यास करण्याची परंपरा महाराष्ट्रातही जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली.

चार-सहाची मोजणी पहिल्या दिवशी जड वाटू शकते. धाप लागल्यासारखे झाले, तर तीन अंक घेणे आणि चार अंक सोडणे इथून सुरुवात करावी. मुंग्या आल्या किंवा गरगरले तर मोजणी सोडून नेहमीचा श्वास घ्यावा. श्वास फार मोठा घेतला जात होता, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीला दोन मिनिटे पुरे, पुढे पाचपर्यंत नेता येतात.

हाताशी एक मिनिटही नसेल, तेव्हा याहून झटपट मार्ग आहे तो उसाशाचा. माणूस दर तासाला दहा-बारा वेळा नकळत उसासा टाकतो, आणि त्याला कारण आहे: फुप्फुसांतील मिटू लागलेले हवेचे बारीक कोश त्या मोठ्या श्वासाने पुन्हा उघडतात. हाच उसासा मुद्दाम करता येतो. नाकाने श्वास घ्यायचा, तो जवळजवळ भरला की वर आणखी एक छोटा श्वास घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश, शेवटपर्यंत सोडायचा. असे दोन-तीन उसासे पुरतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शंभराहून थोड्या अधिक लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटे श्वासाचे वेगवेगळे प्रकार किंवा ध्यान करायला सांगितले होते. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली. मनःस्थितीतली सुधारणा मात्र उसाशाच्या गटात सर्वांत जास्त दिसली, आणि त्यांचा एरवीचा श्वासही संथ झाला होता. यावरून उसासा हा रामबाण ठरत नाही. ध्यानाला बसणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी तो एक चांगला पर्याय आहे, इतके म्हणता येते.

श्वासाने यंत्रणा शांत होते, पण रक्तात आलेली साखर आणि स्नायूंत साठलेला ताठरपणा बसून राहिल्याने जात नाही. ते काम चालण्याचे. चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ती साखर वापरतात. पोटरी आकसते तेव्हा पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते, आणि दोन तास खुर्चीत बसून पावलांना आलेला जडपणा पाच मिनिटांत कमी होतो.

किती चालायचे, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका अभ्यासाने शोधले. तोही 2023 मधलाच. प्रौढ माणसांना आठ तास खुर्चीत बसवून वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या अंतराने उठवून चालवले. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर सर्वांत कमी वाढली. रक्तदाब मात्र तासाला मिनिटभर चालूनसुद्धा चार-पाच अंकांनी उतरला. चालण्याचा वेग ताशी तीन किलोमीटरच्या जरासा वर, म्हणजे रमतगमतचाच होता. या प्रयोगात केवळ अकरा माणसे होती, हे विसरता कामा नये. त्यामुळे अर्धा तास आणि पाच मिनिटे हे आकडे पाळायलाच हवेत असे नाही. घाम येईपर्यंत चालावे लागत नाही आणि मध्येमध्ये थोडे उठल्याने फरक पडतो, हा त्यातला भरवशाचा भाग.

चालताना फोन खिशात ठेवावा, हा सल्ला शिस्तीसाठी नाही. फोनकडे पाहत चालणाऱ्याची मान पुढे झुकलेलीच राहते, श्वास तसाच उथळ चालतो, आणि डोळ्यांचे जवळ पाहण्याचे स्नायू आवळलेलेच राहतात. पडद्याकडे बघताना पापण्यांची उघडझापही पुष्कळ कमी होते, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. खिडकीपाशी जाऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे किंवा दूरच्या झाडाकडे वीस-तीस सेकंद पाहिले आणि मुद्दाम चार-पाच वेळा पापण्या मिटल्या, तर चालण्याबरोबर डोळ्यांचेही काम होते.

हे सगळे खऱ्या दिवसात कसे बसवायचे? एखाद्या तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत काउंटरवर बसणारी रोखपाल घेऊ. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला सोमवार आहे. पेन्शन काढायला आलेल्यांची रांग दारापर्यंत गेली आहे. तिला दर अर्ध्या तासाला उठता येणार नाही, कारण रोकड उघडी टाकून काउंटर सोडता येत नाही. म्हणजे मोठ्या शहरातल्या वातानुकूलित ऑफिसासाठी लिहिलेले सल्ले तिच्या कामाचे नाहीत. तिच्या दिवसातल्या ठरावीक जागा शोधाव्या लागतील.

पहिली जागा सकाळची. संगणक सुरू होऊन प्रणाली उघडेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. एरवी तो वेळ मोबाइलवरचे संदेश वाचण्यात जातो. तेवढ्यात चार-सहाचे बारा श्वास होतात. धडधड वाढण्याआधी केलेल्या या दोन मिनिटांचा उपयोग ती वाढल्यावर केलेल्या पाच मिनिटांपेक्षा जास्त, कारण चढलेली यंत्रणा उतरायला वेळ घेते.

दुसरी जागा दोन ग्राहकांच्या मधली. एक ग्राहक नोटा मोजून पाठमोरा होतो आणि पुढचा स्लिप सरकवतो, त्यात पाच-सात सेकंद असतात. एक उसासा तिथे बसतो. त्याच वेळी जबडा तपासावा. तोंड मिटलेले असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. ते टेकलेले असतील, तर चावण्याचे स्नायू सकाळपासून कामाला लागलेले आहेत, आणि दुपारी कानशिलांत होणारी ठणक बहुधा त्यांचीच. ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवायचे. दिवसातून वीस वेळा ते परत टेकलेले सापडतील, वीस वेळा सोडायचे.

अकरा-साडेअकराच्या सुमारास, गर्दीच्या ऐन भरात, कोणी तरी आवाज चढवतो. खांदे कानांकडे सरकतात. अशा वेळी उपयोगी पडणारी युक्ती अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांच्या पद्धतीतून आली आहे. 1929 साली त्यांनी आपल्या पुस्तकात ती मांडली: स्नायूला सैल हो म्हणण्याऐवजी तो आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा. आवळणे आणि सोडणे यांतला फरक जाणवला की तो स्नायू पूर्वीपेक्षा जास्त सैल होतो. रोखपालाने खांदे पाच सेकंद कानांकडे उचलून धरावेत आणि श्वास सोडताना खाली टाकावेत. काउंटरखाली पायांची बोटे बुटात आवळून सोडली तर समोरच्या माणसाला दिसतही नाही. टाचा उचलून पोटऱ्या दहा-पंधरा वेळा आवळता येतात. चालणे शक्य नसेल तेव्हा तो त्याला पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी पर्याय आहे.

जेवणाची सुट्टी हा तिच्या दिवसातला सर्वांत मोठा मोकळा वेळ, आणि नेमका तोच वाया जातो. दहा मिनिटांत डबा संपवून पुन्हा खुर्चीत बसण्यापेक्षा रोकड कुलपात ठेवून आठ-दहा मिनिटे शाखेच्या बाहेर, ऊन असेल तर आतल्या पॅसेजमध्ये, चालावे. जेवणानंतर साखर वर चढते तेव्हाच हे चालणे झाल्याने त्याचा फायदा दुप्पट होतो, आणि तीनच्या सुमारास येणारी झापडही कमी येते. चालताना तीन पावले श्वास आत, चार-पाच पावले श्वास बाहेर, असा ठेका धरता येतो. दमछाक वाटू लागली तर ठेका सोडून नुसते चालावे.

चहाबद्दलही बोलायला हवे, कारण ऑफिसमधल्या कित्येक धडधडी चहा-कॉफीच्या असतात. कॅफिन शरीरातून अर्धे उतरायला साधारण पाच तास लागतात. सकाळी घाईत पोहे राहून गेले, रिकाम्या पोटी दोन चहा झाले आणि अकराला छाती धडधडू लागली, तर ते सगळे कामाच्या ताणावर ढकलणे चुकीचे ठरेल. अशा दिवशी श्वास मोजण्याआधी काही तरी खावे आणि पाणी प्यावे. चारनंतरचा चहा झोप पातळ करतो, आणि अपुऱ्या झोपेनंतरचा दिवस आणखी ताणाचा जातो.

चारनंतर व्यवहार थांबतात आणि रोकड जुळवायची वेळ येते. शंभर-दोनशे रुपयांचा फरक निघाला की श्वास रोखलेलाच राहतो आणि पुन्हा पुन्हा तीच बंडले मोजली जातात. अशा वेळी दोन मिनिटे उठून पाणी पिऊन आल्यावर चूक सापडते, हा अनुभव हिशेबाच्या कामातल्या अनेकांचा आहे. घरी निघण्याआधी उद्यासाठी राहिलेली कामे कागदावर तीन-चार ओळींत लिहून ठेवावीत. ती लिहिलेली असली की बसमध्ये डोक्यात घोळत नाहीत आणि जबडाही सुटा राहतो.

या सवयी पहिल्या दिवशी एकदम सुरू केल्या तर आठवडाभरही टिकत नाहीत. आधी एकच घ्यावी, आणि ती घड्याळाला नव्हे तर रोज होणाऱ्या एखाद्या कृतीला बांधावी: संगणक सुरू करणे, डबा बंद करणे, कुलूप लावणे. गजर वाजला तर घाईत तो बंदच केला जातो. संगणक मात्र रोज सुरू करावाच लागतो.

उपयोग होतो आहे की नाही, हे मनाला विचारण्यापेक्षा शरीराकडून काढून घेणे सोपे. श्वासाच्या आधी आणि नंतर अर्ध्या मिनिटाची नाडी मोजावी. चार-पाच ठोक्यांचा फरकही पुरेसा आहे. दुसरी खूण हातांची. ताणात त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बोटे गार पडतात, आणि ती हळूहळू कोमट झाली की यंत्रणा उतरू लागली असे समजावे. दोन आठवड्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या किती लागल्या, याकडेही बघावे.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच अस्वस्थता वाढते, विशेषतः ज्यांना पॅनिकचे झटके येऊन गेले आहेत त्यांना. त्यांनी मोजणीचा हट्ट धरू नये. चालणे, आवळून सोडणे किंवा समोरच्या पाच वस्तूंची मनातल्या मनात नावे घेणे यांपैकी काहीही चालेल. श्वास दीर्घकाळ रोखून धरण्याचे प्रकार उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. वर दिलेल्या पद्धतींत श्वास रोखण्याचा भाग नाही, तो याच कारणाने.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे प्रत्येक लक्षण ताणाच्या खात्यात टाकणे. छातीत दाब किंवा वेदना असेल, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर मोजत बसायचे नसते, तातडीने रुग्णालय गाठायचे असते. स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या वेळी वेदनेऐवजी धाप, मळमळ आणि पराकोटीचा थकवा एवढेच दिसू शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत ही चूक अधिक घडते. अचानक आलेली, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात लुळा पडणे यांनाही हाच नियम लागू. धडधड रोजची असेल आणि सुट्टीच्या दिवशीही जात नसेल, तर रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो, आणि त्यातही धाप व धडधड हीच लक्षणे असतात.

आणि ज्या शाखेत तीन माणसांचे काम एकटीवर पडले आहे, तिथे श्वासाने मान सैल होईल, पण रांग कमी होणार नाही. संथ श्वास घेऊनही महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येत असेल, तर तो प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे, आणि तो वरिष्ठांपुढे किंवा संघटनेपुढे लेखी मांडण्याचा आहे.